कॉर्टिसॉलजन्य अतिशर्करा

अधिवृक्क ग्रंथींचे कॉर्टिसॉल हे संप्रेरक शरीरात प्रमाणाबाहेर वाढल्याने, किंवा त्याच्याच जातीची स्टेरॉइड औषधे घेतल्याने रक्तातील साखर चढणे. मूळ कारण दूर झाल्यावर ती बहुधा उतरते. मधुमेहाकडे आधीच कल असलेल्यांत मात्र टिकूनही राहते.

अमेरिकन मेंदूशल्यविशारद हार्वी कुशिंग यांनी शरीरातच कॉर्टिसॉल वाढण्याच्या विकाराची पहिली रुग्ण 1912 मध्ये नोंदवली आणि 1932 मध्ये त्याचे मूळ मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीतील बारीक गाठीत असल्याचे मांडले. यावर बराच वाद झाला, कारण पोष ग्रंथी निरोगी आणि अधिवृक्क ग्रंथीत गाठ, अशा रुग्णांतही हेच चित्र दिसत होते. आज दोन्ही कारणे मान्य आहेत. शरीरातूनच उद्भवणाऱ्या प्रकारात पोष ग्रंथीचा वाटा मोठा असल्याने कुशिंग यांचा कौल बव्हंशी खरा ठरला, असे म्हणण्यास हरकत नाही. व्यवहारात मात्र याहून कितीतरी अधिक रुग्ण दमा, संधिवात यांसाठी स्टेरॉइड घेणारे असतात.

कॉर्टिसॉलमुळे यकृत जास्त साखर तयार करते आणि स्नायू ती कमी उचलतात. त्यामुळे जेवणानंतरची साखर आधी बिघडते. समजा, दम्यासाठी कोणी रोज सकाळी 40 मिग्रॅ. प्रेडनिसोलोन घेत आहे. त्याची उपाशीपोटीची साखर 98 आणि दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी 240 मिग्रॅ. प्रति डेसिलिटर येऊ शकते. गोळीचा जोर दुपारी-संध्याकाळी असतो आणि रात्रीतून ओसरतो. केवळ सकाळी रक्त देणाऱ्याचा अहवाल म्हणूनच फसवा ठरतो. साखर वाढली म्हणून गोळी आपल्या मनाने एकदम बंद करणे धोक्याचे. दीर्घकाळ औषध घेतलेल्यांच्या अधिवृक्क ग्रंथी सुस्तावलेल्या असतात, लागणारे कॉर्टिसॉल त्या लगेच बनवू शकत नाहीत.

गोळ्या घेत नसतानाही चेहरा गोल होणे, पोटावर रुंद जांभळे पट्टे उठणे, जिना चढताना मांड्यांत बळ न राहणे अशी लक्षणे असतील, तर रात्री 11 वाजता कॉर्टिसॉलची निर्मिती दाबणारे डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड 1 मिग्रॅ. देऊन सकाळी 8 वाजता कॉर्टिसॉल मोजतात. निरोगी व्यक्तीत ते 1.8 मायक्रोग्रॅ. प्रति डेसिलिटरपर्यंत खाली येते. न आले तरी निदान लगेच पक्के होत नाही. क्षयावरील रिफाम्पिसिन किंवा अपस्मारावरील फेनिटॉइन चालू असल्यास डेक्सामेथासोन लवकर नष्ट होते. गर्भनिरोधक गोळ्यांमुळेही कॉर्टिसॉलचा आकडा फुगतो.

स्वादुपिंडदाहातील अतिशर्करा निराळी. दीर्घकालीन दाहात इन्शुलिनबरोबर साखर वाढवणारे ग्लुकागॉनही घटते. त्यामुळे इन्शुलिनची मात्रा जराशी जास्त झाली तरी साखर एकाएकी खाली घसरू शकते.