‘नाही’ वाक्याच्या शेवटी येतं, आणि नोटिफिकेशन तिथपर्यंत पोचतच नाही

समजा घरच्या ग्रुपवर दादाने मेसेज टाकला, “आईचा बायोप्सीचा रिपोर्ट आला, गाठ साधी आहे असं सोनोग्राफीत वाटलं होतं पण तसं नाहीये, सोमवारी मुंबईला नेतोय, कुणीतरी सोबत यावं लागेल”. बहीण ऑफिसमध्ये आहे, फोन टेबलावर पडलाय, वरून पट्टी येते आणि त्यात दिसतं, “दादा: आईचा बायोप्सीचा रिपोर्ट आला, गाठ साधी आहे…” बास. खालीच रिप्लायचं बटन आहे, ती तिथेच टाइप करते, “अरे वा!! सुटलो एकदाचे”, आणि फोन परत टेबलावर.

मेसेज तिच्यापर्यंत पोचला, तिने वाचलाही, जे वाचलं त्यात टायपिंगची एकही चूक नव्हती, तरी अर्थ बरोब्बर उलटा झाला. असं होतं कारण पट्टी मेसेज जिथे कापते आणि मराठी वाक्य आपला निकाल जिथे ठेवतं, या दोन जागा एकमेकींना अगदी वाईट ठिकाणी भेटतात.

आधी कापण्याचं बघू. अँड्रॉइडवर मिटलेल्या नोटिफिकेशनला साधारणपणे मजकुराची एकच ओळ मिळते, वर नाव किंवा ग्रुपचं टायटल आणि खाली ही ओळ. त्यात किती अक्षरं मावतील हे स्क्रीनची रुंदी, फॉन्टचा साइज आणि शेजारी फोटो आहे की नाही यावर ठरतं, म्हणजे आई-बाबांच्या फोनवर फॉन्ट मोठा केलेला असतो तिथे अजूनच कमी. ग्रुपमधला मेसेज असेल तर त्याच ओळीत आधी पाठवणाऱ्याचं नाव येतं, ते आपली जागा खातं. ओळ भरली की फोन तिथेच कापतो आणि तीन टिंबं लावतो. वाक्य संपलंय का, ‘पण’ पुढे येतोय का, हे तो बघत नाही, त्याला फक्त रुंदी कळते. आयफोनवर लॉक स्क्रीनला दोन-चार ओळी दिसतात म्हणून थोडी बरी परिस्थिती, पण लांब मेसेज तिथेही कापला जातोच.

यात एक गोष्ट खास लक्षात ठेवण्यासारखी आहे. अँड्रॉइड शब्दाच्या मध्येही कापतो. आता “उद्या सकाळी कोपऱ्यावर स्कूलबस येणार नाही” हा मेसेज घ्या आणि ओळ ‘ना’ वर संपली असं धरा. पट्टीवर दिसणार “…स्कूलबस येणार ना…” आणि मराठी माणूस हे “येणार ना?” असंच वाचणार, म्हणजे नकाराचा चक्क प्रश्न झाला आणि उत्तर जाणार “हो हो, येणार की”. एक ‘ही’ कापला गेला एवढंच.

आता वाक्याकडे. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि नकार बहुतेक वेळा त्याच्याही मागे येतो, ‘येणार नाही’, ‘घेतलं नाही’, ‘तसं नाहीये’. इंग्रजीत नकार क्रियापदाच्या आसपास, वाक्यात बराच आधी येऊन जातो, त्यामुळे शेपूट कापलं तरी बऱ्याचदा तो वाचतो. आपल्याकडे नेमकं शेपूटच महत्त्वाचं. आणि फक्त ‘नाही’च नाही, आपण दुसऱ्याचं म्हणणं सांगतो तेव्हा आधी ते म्हणणं पूर्ण सांगतो आणि मग ‘असं काकू म्हणत होती’, ‘असं वाटलं होतं’ जोडतो. “बाबांना डिस्चार्ज दिला असं काकू म्हणत होती पण अजून दिलेला नाही” यातला पहिला तुकडा एकटा पडला की ती सरळ बातमी होते. माझ्या मते ‘नाही’ कापला जाण्यापेक्षा हे ‘असं’ कापलं जाणं जास्त धोक्याचं आहे, कारण ‘असं’च्या आधीचा तुकडा व्याकरणाने पूर्ण असतो, “गाठ साधी आहे” यात काही अर्धवट वाटतच नाही.

मग तीन टिंबांवरून कळायला नको का? कळायला हवं, पण आपण स्वतःच मेसेजमध्ये इतकी टिंबं टाकतो, “बरं…”, “बघू मग…”, “निघतोय आता…”, की ती टिंबं फोनने लावलीत का माणसाने हे डोळा बघतच नाही.

त्यात मेंदू वाट बघत बसत नाही. मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी १९८० मध्ये लोकांच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावून त्यांना एकेक शब्द करत वाक्यं वाचायला दिली होती, काही वाक्यांचा शेवटचा शब्द मुद्दाम भलताच ठेवलेला, म्हणजे गरम ब्रेडवर काय लावलं तर मोजे. तो शब्द दिसल्यावर साधारण ४०० मिलिसेकंदांनी मेंदूच्या विद्युत संकेतात एक ठळक ऋण लाट येत होती, तिला एन४०० म्हणतात. त्यानंतर यावर खूप काम झालं आणि दिसलं ते असं की पुढचा शब्द जितका अनपेक्षित तितकी ही लाट मोठी, म्हणजे वाचताना आपण पुढे काय येणार याची तयारी सतत करत असतो, शब्द पटला नाही की ती तयारी मोडते आणि आपल्याला खटकतं. पट्टीवर हा खटकणारा शब्दच नसतो. बहिणीला ‘गाठ साधी आहे’ हे हवंच होतं, गेले काही दिवस ती त्याचीच वाट बघत होती, आणि ते ‘पण तसं नाहीये’ डोळ्यांसमोर आलंच नाही, मग खटकणार कशाने.

पूर्वी निदान उत्तर द्यायला चॅट उघडावं लागायचं आणि उघडताना उरलेला मजकूर आपोआप समोर यायचा. आयफोनवर २०१४ च्या आयओएस ८ पासून मेसेजेसला बॅनरवरूनच उत्तर देता यायला लागलं, अँड्रॉइडवर २०१६ मध्ये ७.० नुगाट आलं आणि सगळ्या ॲप्सना नोटिफिकेशनमध्येच टाइप करायची सोय मिळाली. सोय खरंच चांगली आहे, गाडीत, किचनमध्ये, मीटिंगमध्ये उपयोगी पडते, पण वाचण्याची ती एक पायरी तिने काढून टाकली. आणि समोरचा काय समजणार? उत्तर आलं म्हणजे वाचलं, दादा असंच धरणार. “अरे वा!!” वाचून त्याला क्षणभर काय वाटलं असेल ते सोडा, व्यवहाराचा प्रश्न असा की सोमवारी सोबत कुणीतरी यायचंय हे बहिणीने वाचलंय असं तो गृहीत धरून बसला तर रविवारी रात्रीपर्यंत कुणाच्या लक्षात येणार नाही.

हे ओळखायची एक खूण आहे, उत्तराला मेसेजच्या मागच्या भागाचा काही पत्ताच नसतो. दादाने लिहिलं होतं कुणीतरी सोबत यावं लागेल, उत्तरात त्याबद्दल एक शब्द नाही. असं दिसलं की लगेच फोन करावा, परत मेसेज टाकू नये, कारण तोही पट्टीवरच वाचला जाईल.

वाचणाऱ्याने रिप्लाय दाबण्याआधी पट्टी बोटाने खाली ओढावी किंवा बाजूचा बाण दाबावा, म्हणजे ती उलगडते आणि बराच मजकूर दिसतो. मात्र उलगडलेल्या पट्टीलाही उंचीची मर्यादा असते, खूप लांब मेसेज तिथेही अर्धाच राहतो, तो ॲपमध्येच उघडावा लागतो. दुसरं, एकाने चार तुकड्यात चार मेसेज पाठवले तर मिटलेल्या पट्टीवर बहुतेक वेळा सगळ्यात शेवटचा दिसतो, म्हणजे तेव्हा उलट होतं, सुरुवात गायब. आयफोनवर सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्सखाली Show Previews आहे, ते Never केलं तर मजकूर दिसतच नाही आणि उघडणं भाग पडतं, मोजक्याच ॲपसाठी करायचं असेल तर तसंही करता येतं.

पाठवणाऱ्याच्या हातात त्याहून जास्त आहे. दादाचाच मेसेज असा लिहिला असता तर? “रिपोर्ट चांगला नाहीये. आईची गाठ साधी नाही, सोमवारी मुंबईला नेतोय, सोबत कोण येणार ते सांगा. सोनोग्राफीत साधी वाटली होती.” पहिलं वाक्य तीन शब्दांचं, मोठ्या फॉन्टच्या फोनवरसुद्धा नावासकट एका ओळीत मावेल, आणि पुढचं कुठेही कापलं तरी अर्थ उलटा होत नाही. आधी काय वाटलं होतं ते सगळ्यात शेवटी गेलं, ते कापलं गेलं तर जाऊदे.