सेंटर-टॅप पूर्णतरंग एकदिशकारक : सरासरी व्होल्टेज आणि उलट शिखर व्होल्टेज

ज्या ट्रान्सफॉर्मरच्या दुय्यम वेटोळ्याच्या मधोमध तिसरी तार काढलेली असते, त्याला दोन डायोड जोडून प्रत्यावर्ती विद्युतप्रवाहाची दोन्ही अर्धचक्रे भारातून एकाच दिशेने वाहती करणारे हे मंडल आहे. मधल्या तारेला शून्य धरल्यास दोन्ही टोकांची व्होल्टेजे नेहमी परस्परविरुद्ध असतात, त्यामुळे दोन्ही डायोड आळीपाळीने वहन करतात. भाराला एका वेळी अर्ध्याच वेटोळ्याचे व्होल्टेज मिळते.

बाजारात मिळणारा १२-०-१२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर उदाहरणादाखल घेऊ. १२ हे अर्ध्या वेटोळ्याचे वर्गमध्यमूळ मूल्य आहे; म्हणून शिखर मूल्य Vm = १२ × √२, म्हणजे सुमारे १६.९७ व्होल्ट. विद्यार्थी येथे बहुधा २४ वरून Vm काढतात आणि पुढचे प्रत्येक उत्तर दुप्पट येते. साइन वक्राच्या अर्धचक्राखालील क्षेत्रफळ 2Vm असून त्याला त्या अर्धचक्राच्या π या लांबीने भागले की सरासरी मिळते :

Vdc = 2Vm/π = १०.८० व्होल्ट

सिलिकॉन डायोडमध्ये वहनाच्या काळात सुमारे ०.७ व्होल्ट खर्ची पडतात. काही जण ते शिखरातून वजा करून 2(Vm − 0.7)/π, म्हणजे १०.३६ व्होल्ट लिहितात. परंतु ही घट केवळ शिखरावर नव्हे, तर जवळजवळ संपूर्ण अर्धचक्रभर होत असल्याने ती सरासरीतूनच वजा करणे अधिक योग्य. तसे केल्यास सुमारे १०.१ व्होल्ट येतात, आणि भार जोडून, धारित्र न लावता, एकदिश मापनावर ठेवलेला मल्टिमीटर याच्याच आसपासचा आकडा दाखवतो. तो निम्मा, म्हणजे ५ व्होल्टच्या जवळ दिसला, तर एक डायोड किंवा त्याची जोडणी तुटलेली असण्याची शक्यता मोठी.

आता बंद असलेल्या डायोडकडे पाहू. पहिला डायोड शिखरावर वहन करत असताना दोन्ही कॅथोडांचा सामाईक बिंदू Vm − 0.7 वर असतो, तर दुसऱ्याचा ॲनोड वेटोळ्याच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे −Vm वर असतो. दोहोंतील फरक हेच उलट शिखर व्होल्टेज :

PIV = 2Vm − 0.7 = ३३.२ व्होल्ट

भाराला अर्धेच वेटोळे मिळत असले, तरी बंद डायोडला जवळजवळ अख्ख्या वेटोळ्याचे शिखर सोसावे लागते. याउलट, भाराला तेवढेच व्होल्टेज देणाऱ्या सेतू मंडलात प्रत्येक डायोडवर साधारण Vm एवढेच येते. भाराला समांतर मोठे धारित्र लावल्यास सरासरी वाढून १६ व्होल्टकडे सरकते, पण उलट शिखर व्होल्टेज तेवढेच राहते.

मुख्य पुरवठा दहा टक्क्यांनी चढला तर हे मूल्य सुमारे ३६.६ व्होल्ट होते, आणि भार हलका असताना ट्रान्सफॉर्मर लिहिलेल्या आकड्यापेक्षा जास्त व्होल्टेज देतो. म्हणून ५० व्होल्टच्या 1N4001 ऐवजी १०० व्होल्टचा 1N4002 निवडणे बरे. मर्यादा ओलांडून एक डायोड आतून जोडला गेला, तर दुसरा वहन करू लागताच संपूर्ण दुय्यम वेटोळे त्या दोघांमधून लघुमंडलित होते. तेव्हा फ्यूज उडतो, आणि फ्यूज नसेल तर ट्रान्सफॉर्मर तापून जळू शकतो.