दोन प्यादी जास्त, तरी बरोबरी: विरुद्ध रंगाच्या उंटांचा हिशेब

गणेशोत्सवातल्या गावच्या स्पर्धेत किंवा तालुक्याच्या शाळेत भरणाऱ्या सामन्यांत एक दृश्य नेहमी दिसतं. पटावर दोन राजे आणि दोन उंट उरलेत, एकाजवळ दोन प्यादी आहेत आणि दुसऱ्याजवळ एकही नाही. भोवती उभे असलेले म्हणतात, "झालं आता, हात मिळव." आणि प्यादी नसलेला पोरगा खरोखरच डाव सोडतो. अशा डावांपैकी बरेच डाव सोडायचे नसतात. एकाचा उंट पांढऱ्या घरांवर आणि दुसऱ्याचा काळ्या घरांवर फिरत असेल, तर दोन जास्तीची प्यादीसुद्धा पुष्कळदा जिंकून देत नाहीत. केव्हा देतात आणि केव्हा नाही, हे पटाकडे पाहून सांगता येतं. त्यासाठी तीन-चार स्थिती मात्र नीट समजून घ्याव्या लागतात.

कारण सोपं आहे. उंट आयुष्यभर एकाच रंगाच्या ३२ घरांवर फिरतो. पांढऱ्या घरांचा उंट आणि काळ्या घरांचा उंट म्हणजे धुऱ्याच्या दोन बाजूंची दोन वावरं; एकाचा बैल दुसऱ्याच्या वावरात कधी शिरणार नाही. म्हणून प्यादं अडवणाऱ्याने आपला राजा आणि उंट स्वतःच्या उंटाच्या रंगाच्या घरांवर ठेवले, तर हल्ला करणाऱ्याच्या उंटाला त्यांना हात लावता येत नाही. तो उंट पटावर आहे, पण अडथळा हटवायच्या कामी तो येत नाही. उरतो फक्त राजा, आणि एकट्या राजाला राजा व उंट अशा दोन पहारेकऱ्यांना हलवायचं असतं.

आता पट मांडा. पांढऱ्याचा राजा ई४ वर, उंट सी४ वर (हा पांढऱ्या घरांचा उंट), प्यादी डी५ आणि ई५ वर. काळ्याचा राजा ई७ वर आणि उंट सी७ वर. काळ्याजवळ प्यादं नाही. पांढऱ्याची दोन प्यादी शेजारी-शेजारी, पाचव्या ओळीवर, वजीर व्हायला तीनच पावलं बाकी. तरी ही स्थिती बरोबरीची आहे.

पांढरा काय काय करू शकतो ते बघा. पहिला विचार ई६ चा. हे पाऊल दिसायला सुरक्षित वाटतं, आणि तेच सगळ्यात वाईट आहे. ई६ नंतर दोन्ही प्यादी पांढऱ्या घरांवर उभी राहतात. त्यांच्या पुढची डी६ आणि ई७ ही दोन्ही घरं काळी. ई७ वर काळ्याचा राजा बसलेला आहे आणि डी६ वर त्याच्या उंटाचा ताबा आहे. त्या घरांवरून त्यांना हाकलायला पांढऱ्याचा उंट कधीच येऊ शकत नाही. काळा राजा जागेवर ठेवतो आणि उंट बी८ पासून एच२ पर्यंतच्या तिरप्या ओळीत मागेपुढे करत राहतो. पांढऱ्याचा राजा कितीही फिरला तरी तटबंदी फुटत नाही.

दुसरा विचार डी६ चा, शह देऊन. पण काळा उंटाने डी६ वरचं प्यादं घेतो, पांढरा ई-प्याद्याने उंट घेतो आणि काळा राजा ते शेवटचं प्यादंही घेतो. उंट एक गेला, प्यादी दोन गेली. पटावर पांढऱ्याजवळ नुसता राजा आणि उंट उरतो, आणि तेवढ्याने मात होत नाही.

तिसरा विचार जास्त शहाणा. पांढऱ्याचा राजा फिरून सी६ वर नेला, तर डी६ च्या पावलाला राजाचा आधार मिळेल आणि वरची अदलाबदल चालणार नाही. पण राजा निघाला की सी७ वरचा उंट आपलं दुसरं काम दाखवतो. त्याच तिरप्या ओळीवर डी६ च्या पुढे ई५ आहे. म्हणजे हा उंट एकाच वेळी डी६ अडवतो आणि ई५ च्या प्याद्यावर हल्ला करतो. पांढऱ्याचा उंट ई५ ला आधार देऊ शकत नाही, कारण ते काळं घर. म्हणून पांढऱ्याचा राजा ई५ ला जखडलेला आहे. तो सी५ वर गेला की काळा लगेच ई५ खातो.

काळ्याने फक्त बी८ आणि सी७ अशी ये-जा करायची. त्याचा राजा ई७ या काळ्या घरावर असल्यामुळे त्याला उंटाचा शह बसू शकत नाही, आणि उंटाजवळ चाल नेहमी शिल्लक असल्यामुळे राजाला हलावं लागत नाही. या बचावात तीनच गोष्टी सांभाळायच्या: राजा आपल्या उंटाच्या रंगावर, उंटाचं एका प्याद्याच्या पुढच्या घरावर आणि दुसऱ्या प्याद्यावर एकदम लक्ष, आणि उंटासाठी एक रिकामी चाल. यातली एक जरी सुटली तरी बरोबरी धोक्यात येते. उदाहरणार्थ, काळ्याने कंटाळून उंट ए५ वर नेला तर डी६ घेणारं कोणी उरत नाही. पांढरा डी६ ने शह देतो, राजा डी५ वर आणतो आणि मग ई६ खेळतो. प्यादी सहाव्या ओळीवर पोहोचतात आणि गणितच बदलतं.

ते बदललेलं गणित आता मांडू. पांढऱ्याचा राजा डी५, उंट बी५, प्यादी डी६ आणि ई६. काळ्याचा राजा डी८, उंट एफ८. काळ्याने बचाव अगदी पहिल्यासारखाच केलेला आहे: राजा काळ्या घरावर, उंट ई७ अडवतो आणि डी६ वर हल्ला ठेवतो. सगळं बरोबर करूनही तो हरतो. फरक एका ओळीचाच, पण त्या एका ओळीने उंटाची रिकामी चाल काढून घेतली. पहिल्या स्थितीत सी७ च्या मागे बी८ होतं. इथे एफ८ च्या मागे पट संपतो.

काळ्याची चाल असली तर तपासून पाहा. राजा ई८ वर जाऊ शकत नाही, तिथे बी५ च्या उंटाची नजर आहे. सी७ आणि ई७ डी-प्याद्याच्या ताब्यात, डी७ ई-प्याद्याच्या. राजा सी८ वर गेला तर ई७, मग उंटाने घेतलं तरी डी-प्यादं परत घेतं आणि पुढच्या चालीला ई८ वर वजीर. उंट जी७ किंवा एच६ वर हलला की ई७ चा शह, राजा सी८, आणि वजीर. उंटाने डी६ खाल्लं तर राजा उंट खातो आणि उरलेलं ई-प्यादं राजाच्या मदतीने पोहोचतं. चाल करावी लागणं हेच काळ्याचं संकट. बुद्धिबळात याला झुगझ्वांग म्हणतात.

चाल पांढऱ्याची असेल तर? इथे घाईने जिंकलेला डाव हातचा जातो. समोर ई७ चा शह दिसतो, पण तो दिला की उंटाने घेतलं, प्याद्याने उंट घेतला, राजाने शेवटचं प्यादं घेतलं, डाव बरोबरीत. पांढऱ्याने फक्त उंट बी५ वरून ए४ वर न्यायचा. ई८ वरची नजर तशीच राहते आणि चाल काळ्यावर जाते. पांढऱ्याचा उंट त्या तिरप्या ओळीवर नसेल आणि काळ्याचा राजा ई८ वर उभा असेल, तर आधी सी६ वरून शह द्यायचा. राजाला डी८ वर जावंच लागतं आणि मग परतीची वाट बंद. म्हणून शेजारची दोन प्यादी मोजताना आधी ती पाचव्या ओळीवर आहेत की सहाव्या, ते पाहा.

प्यादी शेजारी नसली तर मोजायची ती मधली जागा. दोन प्याद्यांच्या मध्ये एकच उभी ओळ रिकामी असेल तर बचाव करणारा राजा बहुधा दोन्हींकडे पुरा पडतो. दोन किंवा जास्त ओळी रिकाम्या असल्या तर हल्ला करणारा बहुतेक वेळा जिंकतो. काळ्याचा राजा एक प्यादं अडवतो, उंट दुसरं अडवतो, आणि पांढऱ्याचा राजा सरळ उंटाने अडवलेल्या प्याद्याकडे चालत जातो. तिथे उंटाला प्याद्यावर जीव द्यावा लागतो आणि दुसरं प्यादं जिंकून देतं.

मॉस्कोला १९५५ च्या सोव्हिएत अजिंक्यपद स्पर्धेत कोतोव विरुद्ध बोटविनिक या डावात हे फार सुंदर दिसलं. काळ्याकडून खेळणाऱ्या बोटविनिकने जी५ ला प्यादं दिलं, लगेच डी४ ला दुसरं दिलं. प्यादी कमी करून त्याने बी आणि एच या पार दोन टोकांच्या ओळींवर पुढे जाणारी प्यादी मिळवली. एक कोतोवचा राजा दोन्हीकडे पुरणं शक्यच नव्हतं. या प्रकारात किती प्यादी आहेत यापेक्षा ती किती लांब आहेत याला जास्त किंमत आहे.

त्या डावात आणखी एक गोष्ट बोटविनिकच्या बाजूने होती. एच-प्याद्याला वजीर व्हायचं घर एच१, ते पांढरं, आणि त्याचा उंटही पांढऱ्या घरांचा. काठाचं प्यादं असेल तर हे नेहमी तपासा. पांढऱ्याजवळ काळ्या घरांचा उंट आणि ए-प्यादं आहे, तर ए८ पांढरं घर असल्यामुळे काळ्याचा राजा त्या कोपऱ्यात शिरला की उंट गमावूनही बरोबरी होते. कोपऱ्यातून त्याला कोणी काढू शकत नाही. म्हणून बचाव करणाऱ्याने असं चुकीच्या रंगाचं काठाचं प्यादं शिल्लक ठेवून बाकीच्यांवर उंट द्यायला घाबरू नये.

स्पर्धेत अशी स्थिती आली तर नियमही माहीत हवा. दोघांच्या पन्नास-पन्नास चाली प्यादं न हलता आणि काही न मारता झाल्या, किंवा तीच स्थिती त्याच खेळाडूच्या चालीला तिसऱ्यांदा आली, तर बरोबरी मागता येते. गावाकडच्या बहुतेक स्पर्धा रॅपिड असतात आणि रॅपिडमध्ये चाली लिहायचं बंधन नसतं, त्यामुळे मागणीच्या वेळी पुरावा हाती नसतो. म्हणून उंटाची बी८–सी७ ये-जा सुरू झाली की घड्याळ थांबवून पंचांना पटाजवळ बोलवा, आणि ते मोजायला लागले की पुढे खेळा.