मालमत्तेचे गुन्हे: चोरी, जबरी चोरी, बलाद्ग्रहण आणि न्यासभंग यांतील भेद

भारतीय न्याय संहितेत (२०२३, अंमल १ जुलै २०२४ पासून) चोरी कलम ३०३ मध्ये, बलाद्ग्रहण म्हणजे बोलीभाषेतील खंडणी कलम ३०८ मध्ये, जबरी चोरी कलम ३०९ मध्ये आणि फौजदारीपात्र न्यासभंग कलम ३१६ मध्ये येतो. चारही गुन्ह्यांत अप्रामाणिक हेतू असतोच. म्हणून उत्तर लिहिताना माल कोणाच्या ताब्यात होता आणि तो त्या ताब्यातून कसा गेला, हे आधी पाहावे.

सोलापुरात चादरीचा कारखानदार यंत्रमागधारकाला मजुरीवर विणण्यासाठी सूत देतो, असे समजू. मागधारकाने ते सूत परस्पर विकले, तर ती चोरी नव्हे, कारण सूत कारखानदाराच्या संमतीनेच त्याच्या ताब्यात आले होते; विश्वासाने सोपवलेला माल अप्रामाणिकपणे विकला म्हणून तो न्यासभंग. मात्र तेच सूत मागधारकाने उधारीवर विकत घेतले असेल आणि पैसे थकवले असतील, तर माल त्याच्याच मालकीचा झालेला असल्याने न्यासभंग होत नाही. विद्यार्थी सर्वाधिक चुकतात ते इथेच.

रात्री कोणी त्रयस्थाने शेडमधून तेच सूत संमतीविना उचलले, तर ते जागेवरून हलवताच चोरी पूर्ण होते. जाताना आडव्या आलेल्या पहारेकऱ्याला माल नेता यावा म्हणून त्याने मारले, तर ती जबरी चोरी. पण माल टाकून पळताना केवळ पाठलाग थांबवण्यासाठी दगड मारला, तर चोरी आणि दुखापत असे दोन वेगळे गुन्हे होतात. इजा कशासाठी केली, यावर उत्तर ठरते.

बलाद्ग्रहणात माल उचलला जात नाही, भीतीपोटी दिला जातो. “हप्ता दिला नाही तर माग पेटवून देईन” अशा धमकीने घाबरून मागधारकाने दुसऱ्या दिवशी पैसे पोहोचवले, तर ते बलाद्ग्रहण होय. धमकावणाऱ्याने समोर उभे राहून चाकू रोखला आणि तत्काळ इजेच्या भीतीने मागधारकाला तिथेच गल्ला द्यायला लावला, तर तेच बलाद्ग्रहण जबरी चोरी ठरते.

चोरीसाठी मालकी नव्हे, ताबा महत्त्वाचा असल्यामुळे मालकही स्वतःच्या वस्तूचा चोर ठरू शकतो. मजुरी थकली म्हणून मागधारकाने विणलेल्या चादरी अडवून ठेवल्या असतील, तर करार अधिनियमाच्या कलम १७० नुसार त्याला, विरुद्ध करार नसल्यास, तसा हक्क असतो. अशा वेळी मजुरी बुडवण्याच्या हेतूने कारखानदाराने त्या गुपचूप नेल्या, तर ती चोरीच होय. मजुरीची काहीच बाकी नसती, तर त्याच चादरी नेणे चोरी ठरले नसते.