नामांकित सुगंधाशी साधर्म्य असलेल्या परफ्यूमची ऑनलाइन विक्री-नोंदणी : पात्रता, मजकूर आणि कागदपत्रे

एखाद्या गाजलेल्या परफ्यूमशी मिळताजुळता वास असलेले स्वतःचे उत्पादन ऑनलाइन बाजारपेठेवर विकायचे असेल, तर नोंदणीचा अर्ज बहुधा वासामुळे नव्हे, तर त्यातील मजकुरामुळे नाकारला जातो. सुगंधाला स्वतंत्र कायदेशीर संरक्षण मिळणे सहसा फार कठीण असते. नाव, चिन्ह आणि बरेचदा बाटलीचा आकार मात्र संरक्षित असतात. त्यामुळे ज्याचे नाव, बाटली व खोका स्वतःचे आहेत असे उत्पादन अर्जास पात्र ठरते. दुसऱ्याचे चिन्ह लावलेला माल हा बनावट माल होय आणि मजकुरात कितीही दुरुस्ती केली तरी तो पात्र होत नाही.

अर्ज भरण्यापूर्वी स्वतःच्या नावाचा शोध घ्यावा. परफ्यूम व सौंदर्यप्रसाधने ट्रेडमार्कच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात वर्ग ३ मध्ये येतात, म्हणून त्या वर्गात उच्चाराने किंवा लिखाणात जवळ जाणारे नाव आधीच नोंदलेले आहे का, हे पाहावे. एखादे अक्षर बदलून किंवा मध्ये तारका घालून केलेले नाव या तपासणीत टिकत नाही, कारण ते कोणाची आठवण करून देण्यासाठी ठेवले आहे हे त्या बदलातूनच दिसते. ब्रँडच्या रकान्यात स्वतःचे नाव लिहावे. नाव नसल्यास त्या बाजारपेठेच्या नियमानुसार Generic असा किंवा तत्सम पर्याय निवडावा.

सर्वाधिक चुका शीर्षकात होतात. समजा, अर्जदाराने असे लिहिले आहे : ‘अमुक ब्रँडवरून प्रेरित परफ्यूम, हुबेहूब ओरिजिनलसारखा, ५० मिली’. येथे ‘अमुक ब्रँड’ हे नाव उसने आहे, ‘हुबेहूब’ हा सिद्ध करता न येणारा दावा आहे आणि ‘ओरिजिनल’ हा शब्द ग्राहकाच्या मनात मूळ मालाशी नाते जोडतो. तिन्ही काढल्यावर उरते फक्त ‘परफ्यूम, ५० मिली’, म्हणजे उत्पादनाविषयी जवळजवळ काहीच सांगितलेले नव्हते. आता वासाचेच वर्णन करावे : ‘केशर, देवदार आणि अंबरचा उबदार गोडसर परफ्यूम, ५० मिली’. सुरुवातीला काय जाणवते, तासाभराने काय उरते आणि शेवटी कपड्यावर काय रेंगाळते, हे वर्णनात क्रमाने सांगितले की तुलनेची गरज उरत नाही.

‘हे अमुक ब्रँडचे मूळ उत्पादन नाही, केवळ त्यावरून प्रेरित आहे’ अशी तळटीप दिल्याने आपण सुरक्षित झालो, असा समज फार पसरलेला आहे. वस्तुतः त्या तळटिपेतच प्रसिद्ध नाव पुन्हा येते. लोरेआल विरुद्ध बेल्यूर या खटल्यात युरोपीय न्यायालयाने २००९ मध्ये असा निर्णय दिला की, आपला माल नामांकित मालाची नक्कल आहे असे तुलनात्मक जाहिरातीत सूचित करणे हा अनुचित लाभ आहे. तेथे ग्राहकाची फसगत झालेली असणे आवश्यक मानले गेले नव्हते. उलट १९६८ मध्ये अमेरिकेतील एका अपील न्यायालयाने शनेलविरुद्धच्या प्रकरणात सत्य तुलनेसाठी नाव घेण्यास मुभा दिली होती. विक्री अनेक देशांत होणार असेल, तर कडक नियम गृहीत धरून नाव टाळणेच शहाणपणाचे. मोबाइलच्या कव्हरवर ‘अमुक मॉडेलसाठी’ असे लिहिता येते, कारण ते कशावर बसते हे सांगणे अपरिहार्य असते. परफ्यूम कशावरच बसवायचा नसतो, म्हणून ती सवलत येथे लागू पडत नाही.

कागदपत्रांत सहसा खरेदीचे बिल, घटकांची यादी, सुरक्षितता माहितीपत्रक आणि खोक्याच्या सर्व बाजूंची छायाचित्रे मागितली जातात. अल्कोहोलयुक्त परफ्यूम ज्वलनशील असल्यामुळे सुरक्षितता माहितीपत्रकाकडे विशेष लक्ष दिले जाते. खरी अडचण मात्र बिलाची असते. सुगंधी तेलांचे पुरवठादार अनेकदा तेलाला प्रसिद्ध नाव देऊन पुढे ‘टाइप’ असा शब्द जोडतात आणि तेच बिलावर उमटते. असे बिल जोडल्यास शीर्षक निर्दोष असूनही तपासनिसाच्या शंकेला आधार मिळतो. बिलावर खाडाखोड करणे किंवा ओळ झाकणे हा तर बनावट दस्तऐवजाचा प्रकार ठरतो. त्याऐवजी पुरवठादाराकडून वस्तूच्या सांकेतिक क्रमांकासह रीतसर सुधारित बिल मागवावे आणि पुढील खरेदी त्याच क्रमांकाने करावी.

अर्ज परत आल्यास केवळ शीर्षक बदलून तो पुन्हा पाठवू नये. ग्राहकाला न दिसणारे शोधशब्द, छायाचित्रांच्या फाइलींची नावे आणि आकार-प्रकारांचे पर्याय यांतही जुने नाव राहून गेलेले असते. ते सर्व काढल्यानंतरच, काय काय बदलले याची रकान्यागणिक नोंद देऊन अर्ज पुन्हा सादर करावा. ग्राहकाने अभिप्रायात स्वतःहून प्रसिद्ध नाव लिहिले, तर तो त्याचा शब्द आहे. तोच अभिप्राय उचलून विक्रेत्याने वर्णनात छापला, की तो विक्रेत्याचा दावा ठरतो.