'वि' उपसर्गाचा खुलासा

"वि लागला की शब्दाचा अर्थ उलटा होतो ना?"

नेहमी नाही. सोलापूरची चादर विख्यात आहे म्हणतो, तेव्हा तिची ख्याती 'वि'मुळे वाढते. प्रख्यातही तेच सांगतो. 'वि'चा मूळ रोख वेगळेपणाकडे आहे. 'योग' म्हणजे जोडणी: वियोगात ती तुटते, संयोगात दोन गोष्टी एकत्र येतात, प्रयोगात एखादी गोष्ट पुढे आणून वापरली जाते. वेगळेपण कधी ताटातूट होते, कधी वैशिष्ट्य. म्हणूनच विज्ञान म्हणजे अज्ञान नव्हे, विशेष ज्ञान.

मुलं हमखास चुकतात ती 'विद्या'मध्ये. तिथे उपसर्गच नाही, 'विद्' हा जाणण्याचा धातू आहे. 'वि' काढून बघा: 'ख्यात' उरतो, 'द्या'ला मात्र इथे अर्थ नाही.