गोळी पोटात, चटका हातावर

नोव्हेंबरात भाची मैत्रिणींबरोबर मालवणला गेली होती. तिथे भाड्याची स्कूटर, दोन दिवस तारकर्ली-देवबागची भटकंती आणि परतीच्या गाडीतून मला फोन: "मामा, हाताला पोळल्यासारखं होतंय. ऊन तर काही एवढं नव्हतं." फोटो पाठवला, त्यात दोन्ही हातांचे पंजे मागच्या बाजूने तांबूस-काळसर आणि सुजलेले. पावलांवर सँडलच्या पट्ट्यांची जाळी स्पष्ट उमटलेली. पट्ट्यांखालची कातडी जशीच्या तशी, मधली भाजलेली. अंगठीखाली गोरी रेघ. चेहऱ्याला मात्र काही नाही, कारण हेल्मेटखाली स्कार्फ होता आणि सनस्क्रीनही तिने चोपडून लावलं होतं. हात तिच्या हिशेबातच नव्हते.

मैत्रिणी त्याच उन्हात, तेवढाच वेळ होत्या आणि त्या फक्त थोड्या रापल्या. फरक भाचीच्या पर्समध्ये होता. मुरुमांसाठी तीन आठवड्यांपासून ती डॉक्सिसायक्लिनची १०० मिलिग्रॅमची गोळी रोज घेत होती आणि रात्री ॲडापलीनचं जेल लावत होती. मुरुमांसाठी ही जोडी त्वचारोगतज्ज्ञ सर्रास देतात आणि ती कामही करते.

डॉक्सिसायक्लिन रक्तावाटे त्वचेतही पोचतं. उन्हातले यूव्हीए किरण, म्हणजे अतिनील किरणांतले लांब लहरींचे, त्याचा रेणू शोषून घेतो. ही ऊर्जा त्याला फार वेळ धरून ठेवता येत नाही. तो ती शेजारच्या प्राणवायूला देऊन टाकतो आणि तो प्राणवायू इतका चिडखोर होतो की पेशींच्या आवरणांवरच तुटून पडतो. नुसतं औषध किंवा नुसतं ऊन असतं, तर एवढं झालं नसतं. इथे ॲलर्जीचा संबंध नाही. पुरेसं औषध आणि पुरेसं ऊन मिळालं की हे कुणालाही होऊ शकतं, आणि डोस वाढला की शक्यताही वाढते. आपल्याकडच्या कोडावरच्या बावचीच्या बियांतही असाच प्रकाशाने चेतणारा पदार्थ असतो, सोरालेन. तिथे डॉक्टर तो परिणाम मोजूनमापून, मुद्दाम घडवून आणतात.

खऱ्या ॲलर्जीचा प्रकार वेगळा दिसतो. तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उठतो, खाजतो आणि कपड्यांखालच्या भागातही पसरतो. दुखऱ्या गुडघ्याला चोळायच्या किटोप्रोफेन जेलने असं होऊ शकतं. भाचीचं तसं नव्हतं. चुरचुर त्याच दुपारी सुरू झाली होती आणि कडा पट्टीने आखल्यासारख्या होत्या. डॉक्टर असा पुरळ पाहताना हनुवटीखाली, कानामागे आणि वरच्या पापण्यांवर मुद्दाम बघतात. ऊन पोचत नाही त्या जागा सुटल्या असतील, तर शंका सूर्यावर जाते. सावळ्या कातडीत लाली लवकर कळत नाही. तिथे आधी मुंग्या आणि जळजळ येते, रंग मागाहून बदलतो.

"पण मामा, आभाळ होतं की!" हा तिचा खरा गोंधळ. पातळ ढगांतून अतिनील किरणांचा मोठा हिस्सा खाली येतो. शिवाय यूव्हीए काचेतूनही येतात, म्हणून बस किंवा गाडीच्या बाजूच्या खिडकीशी तासन्‌तास बसलेल्यालाही हा त्रास होऊ शकतो. नेहमीचं उन्हाने भाजणं मुख्यतः यूव्हीबीमुळे होतं आणि ते किरण साधी काच अडवते. त्यामुळे 'चटका लागला नाही म्हणजे ऊन नाही' हा आपला रोजचा अंदाज इथे फसतो.

ट्यूबवरचा एसपीएफचा आकडाही प्रामुख्याने यूव्हीबीबद्दलच बोलतो. डॉक्सिसायक्लिन घेणाऱ्याने यूव्हीएपासूनचं संरक्षण पाहायला हवं. त्यासाठी ट्यूबवर 'ब्रॉड स्पेक्ट्रम' लिहिलेलं असतं किंवा 'पीए'पुढे अधिकची चिन्हं असतात. ती तीन किंवा चार असली तर बरं. आणि ते भरपूर लावायचं: तर्जनी आणि मधल्या बोटावर टोकापासून मुळापर्यंत ओढलेल्या दोन रेघा, एवढं नुसत्या चेहऱ्याला आणि मानेला लागतं. आपण बहुतेक जण याच्या निम्मंही लावत नाही. स्कूटरवर हातांना घाम येतो, हात धुतले जातात, सनस्क्रीन निघून जातं. त्यामुळे माझा भरवसा कापडावर जास्त आहे. पुण्यातल्या मुलींचा सनकोट आणि कोपरापर्यंतचे हातमोजे यांची चेष्टा मीही केली आहे, पण डॉक्सिसायक्लिनवर असताना त्याहून स्वस्त उपाय नाही. कापड उजेडासमोर धरावं, आरपार दिसलं तर ते फार काही अडवणार नाही.

रात्रीच्या जेलचं काय? ॲडापलीन, ट्रेटिनॉइन ही रेटिनॉइड्स डॉक्सिसायक्लिनसारखी किरण शोषून पेशी जाळत नाहीत. त्यांच्यामुळे त्वचेचा वरचा मृत थर पातळ होतो, सुरुवातीच्या आठवड्यांत त्वचा सोलवटते, हुळहुळी होते आणि कमी उन्हानेही चुरचुरते. ट्रेटिनॉइन रात्री लावायला सांगतात, त्याचं आणखी एक साधं कारण आहे: उजेडात ते स्वतःच खराब होतं.

मग डॉक्सिसायक्लिनही रात्रीच घेतलं तर? भाचीनेही हेच विचारलं. फार फायदा नाही. रक्तातलं हे औषध निम्म्यावर यायला साधारण १८ तास किंवा त्याहून थोडे जास्त लागतात. रात्री दहाची गोळी सकाळी दहाला अर्ध्याहून जास्त शिल्लक असते. वर ती गिळून लगेच आडवं झालं तर अन्ननलिकेला जखम होऊ शकते, ते वेगळंच. शेवटच्या गोळीनंतरही चार-पाच दिवस उन्हाचं पथ्य पाळावं लागतं, ते याच हिशेबाने.

पुराच्या पाण्यातून चालल्यावर किंवा भातशेतीच्या दिवसांत लेप्टोस्पायरोसिस होऊ नये म्हणून हीच गोळी देतात. ती उन्हाच्या भीतीने टाळू नये. तिथे डोस थोडे असतात आणि तो आजार जिवावर बेततो. रक्तदाबाचं हायड्रोक्लोरोथायझाइड, हृदयाच्या ठोक्यांसाठीचं अमिओडारोन हीदेखील ऊन बाधवणारी औषधं, आणि ती तर स्वतःहून बंद करायचीच नाहीत. चटका बसलाच तर फोन डॉक्टरांना करायचा. ते डोस कमी करतील किंवा औषध बदलतील.

भाचीला मी गार पाण्याच्या घड्या ठेवायला सांगितलं आणि बर्फ लावू नको म्हटलं. कुणीतरी सुचवलेलं लिंबू तर अजिबात नको, कारण त्याच्या रसातही सोरालेनची भावंडं असतात आणि लिंबू लागलेला हात उन्हात गेला की नवे डाग पडतात. फोड आले असते किंवा ताप आला असता तर मी तिला थेट दवाखान्यात धाडलं असतं. तिच्या डॉक्टरांनी गोळी थांबवली आणि एक मलम दिलं. आठवड्यात जळजळ गेली.

पुढचा फोन तीन आठवड्यांनी आला. आता नखं दुखत होती. टोकाकडून अर्धं नख खालच्या मांसापासून सुटून पांढरट झालं होतं, दोन्ही हातांच्या चार-चार बोटांचं. हाही त्याच औषधाचा आणि त्याच उन्हाचा परिणाम, फक्त उशिरा कळणारा. अंगठे तेवढे वाचले होते. का, ते तिनेच स्कूटरची मूठ धरल्यासारखी करून दाखवलं: चार बोटं वर आणि अंगठा खाली, सावलीत. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं. फेब्रुवारीत तिने शेवटचा पांढरा तुकडा कापला.